अहवाल आधी कानांनी तपासा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलालगत वाघाने गाय-बैल मारला की गुरे राखणाऱ्या माणसाला आधी कागद करावा लागतो. वन खात्याला लवकर कळवायचे, पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर हलवायचे नाही, आणि जे लिहून द्यायचे त्यावर पुढची नुकसानभरपाई ठरायची. गावातली शिकलेली पोरे हे लिहून देतात. “चाचा, एकदा पाहून घ्या ना,” म्हणत कागद माझ्यापुढे ठेवतात. मी पाहत नाही. त्यांनाच मोठ्याने वाचायला लावतो.

समजा, कागदावर असे आहे : “सदर घटनेच्या अनुषंगाने असे नमूद करण्यात येते की, काल सायंकाळच्या दरम्यान गावाजवळील जंगलामध्ये वाघाने गाय ठार मारली असल्याचे निदर्शनास आले.” वाचताना ‘नमूद करण्यात येते की’पाशी दम लागतो आणि गाय अजून आलेलीच नसते! डोळा असे शब्द सवयीने ओलांडून जातो, जीभ मात्र अडखळते. जिथे अडखळली तिथे पेन्सिलीने खूण करायची, खोडाखोड नंतर. ‘सदर’, ‘अनुषंगाने’, ‘नमूद करण्यात येते’ गेले तर काहीच बिघडत नाही.

पण काटछाट करताना एक जपावे. ‘सुमारे’, ‘त्याने सांगितले’ हे शब्दही भरतीचे वाटतात, पण ते तसे नाहीत. घड्याळ पाहिले नसेल तर ‘सुमारे’ हेच खरे. ते काढून नुसते ‘पाच वाजता’ लिहिले, तर वाक्य आटोपशीर होते आणि खोटेही.

मग उरलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे समासात लिहायचे : पाहिले, ऐकले, की कागदावरून घेतले? इथेच ‘वाघाने मारली’ हे वाक्य डळमळते. मारताना कुणी पाहिले? गुराख्याने पाहिली ती मेलेली गाय, मानेवरच्या दातांच्या खुणा आणि ओल्या मातीतले पंजे. वाघ हा त्यावरून केलेला अंदाज. बिबट्याही असू शकतो. ते ठरवणे पंचनाम्याचे काम. ‘काल’च्या जागी तारीख हवी, शेजारी वार लिहून कॅलेंडरशी ताडलेला. ‘गावाजवळील जंगल’ म्हणजे कोणता कक्ष, तो क्रमांक वनरक्षकाला विचारून घ्यावा.

कागदावरून घेतलेले आकडेही निसरडे असतात. ताडोबा राष्ट्रीय उद्यान 625 चौरस किलोमीटरचे, असे पुष्कळजण लिहितात. उद्यान आहे सुमारे 116 चौरस किलोमीटरचे. अंधारी अभयारण्याचे सुमारे 509 त्यात मिळवले की 625 होतात. आकडा बरोबर, नाव चुकीचे. म्हणून आकडा तपासताना तो नेमका कशाचा, हेही पाहावे लागते.

एवढे झाल्यावर कागद असा होतो : “मंगळवारी सायंकाळी सुमारे पाच वाजता गुराख्याला गाय मेलेली दिसली. मानेवर दातांच्या खुणा होत्या. शेजारी ओल्या मातीत पंजाचे ठसे होते. गाय जागेवरच आहे.” वार झाला, त्यापुढे तारीख, कक्ष क्रमांक, मालकाचे नाव. हा कागद गुराख्यालाही वाचून दाखवावा. “पंजे शेजारी नाही, नाल्याच्या काठावर होते,” असे तोच सांगतो.