कपातीचा हिशोब कसा वाचायचा

कामावरून कमी केल्याचं पत्र हातात पडलं की माणूस आधी खालची एकूण रक्कम बघतो. आकडा मोठा दिसला की सही होऊन जाते. खरं तर तपासायचं असतं ते वरच्या चार ओळींत.

काम उरलं नाही, यंत्र आलं, विभाग बंद झाला म्हणून कामगाराला कमी केलं तर त्याला पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यायचा, हा नियम 1953 पासून औद्योगिक विवाद कायद्यात होता. नोव्हेंबर 2025 मध्ये औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिनेही तो कायम ठेवला. यासाठी किमान एक वर्षाची सलग नोकरी लागते, आणि सलग म्हणजे मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम. हे दिवस मोजताना रविवार आणि पगारी सुट्ट्या धरायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितलं आहे. हजेरीपटावरचे नुसते कामाचे दिवस मोजून ‘तुझे 240 भरत नाहीत’ असं कोणी म्हणालं, तर तिथेच थांबून पुन्हा मोजायला लावावं.

आता एक हिशोब मांडू. समजा, दीडशे माणसांच्या कारखान्यातला एक फिटर आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,000 रुपये, शिवाय घरभाडे आणि प्रवासभत्ता 6,000. नोकरी 11 वर्षं 8 महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून वर्षं झाली 12. पगार धरायचा शेवटच्या तीन पूर्ण महिन्यांच्या सरासरीने. महिन्याच्या पगारदाराचे पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, म्हणजे 9,000. बारा वर्षांचे झाले 1,08,000. एक महिन्याची लेखी नोटीस दिली नसेल तर तिच्याबदली महिन्याचा पगार, 18,000. दोन्ही मिळून 1,26,000.

चूक नेमकी कुठे होते ते याच आकड्यांत दिसतं. वरचे आठ महिने सोडून दिले की 9,000 गेले. महागाई भत्ता वगळून नुसता मूळ पगार धरला तर त्याहून जास्त जातात. भत्ते फुगवून मूळ पगार लहान ठेवायची पद्धत बरीच ठिकाणी आहे. नव्या संहितेत घरभाड्यासारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पगारातच धरावा लागतो. आमच्या फिटरचे भत्ते 24,000 पैकी 6,000 च आहेत, म्हणून त्याचा हिशोब 18,000 वर राहतो.

ग्रॅच्युइटी यात मिसळू देऊ नये. ती वेगळी. तिथे महिना 26 दिवसांचा धरतात, त्यामुळे याच फिटरची ग्रॅच्युइटी सुमारे 1,24,600 होते. भरपाईला मात्र 26 चा भाग लागत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2007 चा निकाल आहे. कागदावर ‘एकूण सव्वा लाख, सर्व देणी धरून’ एवढंच लिहिलेलं असेल, तर दोन रकमांपैकी एक पूर्ण गेली आहे. रजेचा पगार आणि भविष्यनिर्वाह निधी हेही याच्या बाहेरचे. संहितेने आणखी एक रक्कम जोडली आहे: नवं कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून पंधरा दिवसांचा पगार, कपातीपासून 45 दिवसांत थेट कामगाराच्या खात्यात.

‘पैसे पुढच्या महिन्यात देऊ’ हे चालत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातल्या वॉर्ड नोकरांना भरपाई न देता कमी केलं गेलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1960 मध्ये निकाल लागला की भरपाई ही कपातीची आधीची अट आहे. ती न पाळता केलेली कपात बेकायदा. अर्थात बेकायदा ठरली म्हणजे नोकरी परत मिळेलच असं नाही. रोजंदारीवरच्या माणसांना अलीकडे न्यायालयं बऱ्याचदा एकरकमी पैसेच देतात, असं मला दिसतं, आणि ते मला खटकतं.

तीनशे किंवा जास्त कामगार असतील तर कारखाने, खाणी आणि मळ्यांना सरकारची आधी परवानगी लागते आणि नोटीस तीन महिन्यांची होते. लहान ठिकाणी फक्त एक महिना.

सगळ्यात मोठा घात मात्र राजीनाम्याने होतो. ‘चार ओळी लिहून दे, पुढच्या नोकरीला अडचण नको’ असं गोडीत सांगितलं जातं. स्वतःहून सोडलं असं कागदावर आलं की ती कपातच राहत नाही, आणि पंधरा दिवसांचा हिशोब लागू होत नाही. मुदतीच्या करारावरचं काम मुदत संपून थांबलं तरी तेच. म्हणून पत्रात कपातीचं कारण लिहिलेलं आहे का ते बघावं, प्रत घ्यावी, आणि रकमेवर वाद असेल तर ‘रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारली’ असं लिहूनच सही करावी. निघताना घरचा पत्ता आणि फोन नंबर कार्यालयात लेखी देऊन ठेवावा. वर्षभरात त्या कारखान्याने पुन्हा भरती काढली तर कमी केलेल्यांना आधी संधी द्यावी लागते.