सहीच्या आधीचा कागद

जागा पसंत पडलेली असते, भाडं ठरलेलं असतं, फर्निचरवाला माप घेऊन गेलेला असतो. कंपनीचे संचालक कराराची नोंदणी करायला बसतात, आधार आणि पॅन समोर ठेवतात, आणि पलीकडून प्रश्न येतो : "कंपनीचा ठराव आणलाय का?" बऱ्याच छोट्या कंपन्यांना या कागदाची आठवण पहिल्यांदा तिथे होते. मग घाईघाईत लेटरहेडवर चार ओळी टाईप होतात : 'कंपनीने ऑफिससाठी जागा भाड्याने घ्यावी व कोणत्याही एका संचालकाने करारावर सही करावी.' काम भागतं. पण मुदत, भाडं आणि अनामत या तीन गोष्टी त्या चार ओळींत नसतात, आणि पुढची भांडणं बहुतेक त्यांच्यावरूनच होतात.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती असते, मात्र तिला सही करायला हात नसतो. कंपनी कायदा २०१३ नुसार तिचे निर्णय संचालक मंडळ घेतं आणि कागदावर सही करायला माणूस नेमतं. ठराव म्हणजे त्या माणसाला दिलेली परवानगी. परवानगी कशाला आणि कुठपर्यंत, हे ठरावातले आकडे सांगतात. ठरावात ऐंशी हजार भाडं लिहिलं असेल, तर पंच्याऐंशी हजारांच्या करारावर सही करताना त्या माणसाला पुन्हा मंडळाकडे जावं लागतं. आकडाच नसेल तर त्याला अडवणारं काहीच उरत नाही.

एक नमुना घेऊन पाहू. समजा पुण्यात बाणेरला एका कंपनीला १,२०० चौरस फूट चटई क्षेत्राची जागा मिळते आहे. मुदत ३६ महिने. भाडं पहिल्या वर्षी महिना ८०,००० रुपये, पुढे दरवर्षी पाच टक्के वाढ. अनामत सहा महिन्यांची, म्हणजे ४,८०,००० रुपये. पहिले २४ महिने लॉक-इन. याचा ठराव साधारण असा होईल :

"ठराव करण्यात येतो की, कंपनीच्या कार्यालयासाठी बाणेर, पुणे येथील (इमारत, मजला व गाळा क्रमांक) ही जागा तिच्या मालकाकडून ३६ महिन्यांसाठी लिव्ह अँड लायसन्स पद्धतीने घेण्यास मंजुरी देण्यात येत आहे. मासिक शुल्क पहिल्या वर्षी रु. ८०,०००, त्यानंतर दरवर्षी ५ टक्के वाढ, जीएसटी लागू असल्यास वेगळा. बिनव्याजी, परत मिळणारी अनामत रु. ४,८०,०००. लॉक-इन २४ महिने. कंपनीच्या वतीने करारावर सही करणे, नोंदणीच्या वेळी हजर राहून सही केल्याची कबुली देणे आणि मुद्रांक व नोंदणी शुल्क भरणे यासाठी श्री. अमुक, संचालक, यांना अधिकार देण्यात येत आहे."

यातला शेवटचा भाग सावकाश वाचायला हवा. बऱ्याच ठरावांत नुसतं 'सही करण्याचा अधिकार' एवढंच असतं. नोंदणीत मात्र सहीपेक्षा जास्त काही लागतं : त्या व्यक्तीने समोर येऊन फोटो आणि अंगठा द्यायचा, सही आपलीच असल्याची कबुली द्यायची. म्हणून हे शब्द ठरावात वेगळे यावेत. दोन माणसांना अधिकार द्यायचा असेल तर 'आणि' लिहायचं की 'किंवा', हेही आधी ठरवावं. 'आणि' लिहिलं तर दोघांच्याही सह्या हव्यात, मग एक जण परगावी असला की काम अडतं. 'किंवा' लिहिलं तर कोणा एकाची सही पुरते, पण दुसऱ्याला ते कदाचित नंतर कळतं.

'लिव्ह अँड लायसन्स' हे शब्दही नुसती सवय म्हणून लिहू नयेत. रोजच्या बोलण्यात सगळं 'भाडंच' असतं, पण भाडेपट्ट्यात जागेवर हक्क निर्माण होतो आणि लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी मिळते. मुद्रांक शुल्कही वेगळं लागतं. महाराष्ट्रात ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सवर ०.२५ टक्के शुल्क आहे. ते संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या अनामतीच्या वर्षाला दहा टक्के धरलेल्या व्याजावर मोजतात. बाणेरच्या उदाहरणात तीन वर्षांचं भाडं ३०,२६,४०० आणि अनामतीचं धरलेलं व्याज १,४४,०००. दोन्ही मिळून ३१,७०,४००, म्हणजे शुल्क आठ हजारांच्या आसपास. ठरावात भाडेपट्टा आणि करारात लायसन्स असं झालं, तर मंडळाने नेमकं काय मंजूर केलं हा प्रश्न उभा राहतो.

लॉक-इनची ओळ सगळ्यात जास्त विसरली जाते आणि सगळ्यात महाग पडते. समजा आठ महिन्यांनी कंपनीचं एक मोठं काम सुटलं आणि जागा सोडायची वेळ आली. लॉक-इनचे १६ महिने बाकी आहेत. पहिल्या वर्षाचे चार महिने ८०,००० प्रमाणे आणि दुसऱ्या वर्षाचे बारा महिने ८४,००० प्रमाणे धरले, तर मालक १३,२८,००० रुपये मागू शकतो. एवढी जबाबदारी आपण स्वीकारतो आहोत, हे सही करणाऱ्या एकट्याने नव्हे, तर सगळ्या संचालकांनी आधी वाचलेलं असायला हवं.

जागा एखाद्या संचालकाच्याच घरातली असेल तर आणखी जपावं लागतं. पत्नीच्या नावावरचा गाळा कंपनीने भाड्याने घेणं गैर नाही, पण तो व्यवहार नात्यातला ठरतो. त्या संचालकाने आपला संबंध मंडळापुढे उघड करायचा असतो. भाडं बाजारभावाने आणि कंपनीच्या नेहमीच्या व्यवहारासारखं नसेल, तर ठराव प्रत्यक्ष सभेतच व्हावा लागतो आणि त्या विषयाच्या चर्चेला तो संचालक बसत नाही. व्यवहार कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल तर भागधारकांची मंजुरीही लागते. परक्या मालकाच्या साध्या जागेसाठी मात्र छोट्या कंपनीला सभाच बोलवावी लागते असं नाही. ठरावाचा मसुदा आणि कागदपत्रं सगळ्या संचालकांना पाठवून बहुमताने मंजुरी घेता येते. अशा ठरावाची नोंद पुढच्या सभेत करायची असते.

नोंदणीच्या वेळी ठरावाची खरी प्रत दाखवतात. ती लेटरहेडवर असते आणि तिच्यावर संचालकाची किंवा कंपनी सेक्रेटरीची सही असते. मूळ ठराव कंपनीच्या इतिवृत्तात असायला हवा, आणि इतिवृत्त सभेनंतर ३० दिवसांत लिहून व्हायला हवं. तारखा इथेच फसतात. करार ५ तारखेचा आणि ठराव १२ तारखेचा, असे कागद ऑडिटरच्या समोर आले की तो पहिला प्रश्न तारखेबद्दलच विचारतो. अशा वेळी मागची तारीख टाकणं हा सर्वात वाईट मार्ग. झालेला करार मंडळाने नंतरच्या सभेत खुलेपणाने मान्य केला आणि तसा ठराव खऱ्या तारखेने लिहिला, तर ती चूक निस्तरता येते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असणं आणि नोंदणी होणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. म्हणून जाणता मालक ठरावाची प्रत पाहिल्याशिवाय किल्ली देत नाही. ठरावातलं भाडं, अनामत, मुदत आणि सही करणाऱ्याचं नाव तो कराराच्या मसुद्याशी ओळीनं ओळ ताडून पाहतो. ३६ महिने संपले की त्याच जागेसाठीही हा कागद पुन्हा करावा लागतो, कारण जुन्या ठरावाने दिलेली परवानगी त्या मुदतीपुरतीच होती.