टनामागे तोटा, तरीही गाळप कशासाठी?

साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत हमखास येणारा एक प्रश्न आहे. ताळेबंद चाळत एखादा सभासद उठतो आणि विचारतो, "अध्यक्षसाहेब, टनामागे दोनशे रुपये तोटा म्हणता, मग पुढच्या वर्षी जास्त गाळप करायचं कशाला? जितकं गाळाल तितका तोटा वाढणार ना?" मंडपात हशा पिकतो, व्यासपीठावरून गोलमाल उत्तर येते आणि विषय पुढे सरकतो.

प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात तर नाहीच. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. तेव्हापासून या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा जमाखर्च कारखान्याच्या हिशेबाला बांधलेला आहे. त्या हिशेबात एक आकडा आहे, जो ताळेबंदात सरळ दिसत नाही. त्याला कॉन्ट्रिब्युशन किंवा अंशदान म्हणतात. आणखी एक टन ऊस गाळला तर त्याच्यापासून जे उत्पन्न येते, त्यातून फक्त त्या टनापायी झालेला खर्च वजा करायचा. उरेल ते अंशदान. कारखाना चालो न चालो, जे खर्च होणारच असतात, ते भागवायला हा टन किती हातभार लावतो, ते त्यातून कळते.

समजण्यापुरता एक नमुना कारखाना घेऊ. दिवसाला ५,००० टन गाळपाचा. साखरेला क्विंटलला ३,८०० रुपये मिळतात आणि उतारा १०.२५ टक्के आहे, म्हणजे टनाला १०२.५ किलो साखर, तिचे ३,८९५ रुपये. मळी आणि शिल्लक बगॅसचे ४५० धरू. एकूण ४,३४५ रुपये. आता खर्च. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक कारखाना करतो आणि तो खर्च या रकमेतूनच कापून घेतो, म्हणून तो वेगळा धरायचा नाही. चुना, गंधक, पोती, हमाली वगैरे १८० रुपये आणि साखरेवरच्या तारण कर्जाचे व्याज १६५. बेरीज ३,८९५. उरले ४५० रुपये. हेच टनाचे अंशदान. कायम कामगारांचे पगार, ऑफ सीझनमधली दुरुस्ती, मुदत कर्जाचे व्याज, विमा, घसारा असा वर्षाचा स्थिर खर्च ३६ कोटी मानू. एफआरपी सोडली तर हे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या कारखान्याचे आकडे घातले तरी रीत हीच.

गैरसमज १ : टनामागे तोटा आहे, म्हणजे कमी गाळले की तोटा कमी होईल.

वस्तुस्थिती : समजा, उसाअभावी हंगाम ११० दिवसांत आटोपला. गाळप ५.५ लाख टन. ३६ कोटी एवढ्या टनांवर वाटले की टनामागे सुमारे ६५५ रुपये पडतात. खर्च ४,५५० वर जातो, उत्पन्न ४,३४५, म्हणजे तोटा २०५ रुपये. सभासदाने वाचलेला आकडा तो हाच.

आता त्याचे ऐकून आणखी ५० हजार टन कमी गाळले, तर त्याच्या हिशेबाने एक कोटीच्या आसपास वाचायला हवेत. पण त्या टनांबरोबर प्रत्येकी ४५० रुपयांचे अंशदानही गेले, म्हणजे सव्वादोन कोटी. पगार आणि व्याज तसूभर घटले नाहीत. तोटा ११.२५ कोटींवरून १३.५ कोटींवर गेला आणि टनामागचा तोटा २०५ वरून २७० वर. २०५ हा आकडा खोटा नाही, पण तो झालेल्या हंगामाची सरासरी सांगतो. पुढचा टन घ्यावा का, हे त्याला विचारायचे नसते.

दुष्काळात कारखाने कसे मोडकळीला येतात, ते यावरून उमगते. राज्यात २०१५-१६ ला सुमारे ८४ लाख टन साखर झाली होती, २०१६-१७ ला ती ४२ लाखांवर आली. साखर निम्मी झाली, म्हणून कर्जाचे हप्ते निम्मे झाले नाहीत.

गैरसमज २ : अंशदान म्हणजेच नफा, ते मिळतेय म्हणजे कारखाना सुस्थितीत आहे.

वस्तुस्थिती : अंशदान आधी स्थिर खर्चाच्या खड्ड्यात पडते. तो भरला की मग नफा सुरू होतो. ३६ कोटींना ४५० ने भागले की ८ लाख टन येतात, म्हणजे दिवसाला ५,००० टनांनी पूर्ण १६० दिवस. इथे ना नफा, ना तोटा. त्याच्या पुढचा प्रत्येक टन ४५० रुपये नफा देतो; अलीकडचा प्रत्येक टन फक्त खड्डा उथळ करतो.

हा बिंदू भावाबरोबर भलताच सरकतो. साखर क्विंटलला १०० रुपयांनी उतरली, तर उत्पन्नात अडीच टक्क्यांच्या आसपास घट. पण अंशदान ४५० वरून ३४८ च्या घरात येते आणि ८ लाखांऐवजी सुमारे १०.३६ लाख टन गाळावे लागतात. तेवढा हंगाम दोनशे दिवसांच्याही पुढे जाईल, आणि तेवढा ऊस नाही.

याच हिशेबाचा दुसरा प्रश्न आहे: हंगाम घ्यायचा की नाही? तिथे ३६ कोटी धरायचे नाहीत. बॉयलर पेटवलाच नाही तर जे वाचेल, तेवढेच धरायचे. मोठी दुरुस्ती, हंगामी कामगारांचा पूर्ण पगार, तोडणीची व्यवस्था असे मिळून ८ कोटी वाचणार असतील, तर त्यांना ४५० ने भागा. सुमारे १.७८ लाख टन, म्हणजे ३६ दिवसांचा ऊस. त्याहून जास्त ऊस असेल, तर हंगाम घेतलेला बरा. कमी असेल, तर गव्हाणीत मोळी न टाकलेलीच बरी. २०१६-१७ मध्ये अनेक कारखान्यांची धुराडी पेटली नाहीत, त्यामागे हेच त्रैराशिक होते. मात्र ही सवलत एखाद्या वर्षाची. वर्षानुवर्षे फक्त ८ कोटी भागत राहिले, तर उरलेले २८ कोटी कर्ज होऊन साठतात.

गैरसमज ३ : पगार आणि व्याज स्थिर, माल-मटेरियल बदलते. खाती ठरलेलीच आहेत.

वस्तुस्थिती : खर्चाचे नाव बघून तो कोणत्या बाजूला जातो, ते ठरत नाही. प्रश्न एकच विचारायचा: हा टन गाळला नसता, तर हा खर्च झाला असता का?

यंत्रसामग्रीच्या कर्जाचे व्याज झाले असते, म्हणून ते स्थिर. तारण कर्जाचे व्याज झाले नसते. साखर चार-पाच महिन्यांत तयार होते, पण विकायची वर्षभर. जून २०१८ पासून तर महिन्याला किती विकायची, तो कोटाही केंद्र सरकार ठरवते. उसाचे पैसे मात्र १४ दिवसांत द्यायचे. म्हणून साखर गोदामात तारण ठेवून उचल घ्यावी लागते. टनाच्या साखरेवर ३,३०० रुपये उचलले, ती सरासरी सहा महिने पडून राहिली आणि व्याज दहा टक्के असले, तर १६५ रुपये होतात. ताळेबंदात दोन्ही व्याजे एकाच ओळीत बसतात. कोणी ती सगळी स्थिर धरली, की अंशदान ६१५ दिसते आणि कारखाना आहे त्याहून धडधाकट वाटतो.

पगाराचेही तसेच. हंगामी कामगाराला बंद काळात मिळणारा रिटेन्शन भत्ता गाळपाच्या टनांवर ठरत नाही. हंगाम लांबल्यावर दिलेला ओव्हरटाइम मात्र त्या जादा टनांचाच.

गैरसमज ४ : अंशदान टनाला ४५०, म्हणजे येईल तो ऊस गाळावा.

वस्तुस्थिती : ४५० ही सरासरी उताऱ्याची गोष्ट. उतारा एक टक्क्याने घसरला, की टनाला दहा किलो साखर आणि ३८० रुपये कमी. उसाचा दर मात्र त्या खेपेच्या उताऱ्यावर ठरत नाही, हंगामाच्या सरासरीवर ठरतो. उन्हाळा चढला, ऊस वाळू लागला, तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात राहिला आणि उतारा ९ वर आला, की अंशदान जवळपास संपते. ८.५ वर तर थोडे वाचलेले व्याज धरूनही टनामागे पावणेदोनशेच्या वर पदरचे जातात.

२०२१-२२ च्या हंगामात हे सगळ्या राज्याने पाहिले. साखर विक्रमी, सुमारे १३७ लाख टन झाली आणि मे उजाडला तरी फडात ऊस उभा. तेव्हा राज्य सरकारने १ मे २०२२ नंतर गाळलेल्या उसाला उतारा घटीपोटी टनामागे २०० रुपये अनुदान दिले, आणि ५० किलोमीटरपलीकडच्या वाहतुकीसाठी किलोमीटरला टनामागे ५ रुपये. शेवटच्या टनाचे अंशदान उणे झाले होते, याची ती सरकारी कबुलीच. सभासदाचा ऊस तसा टाकून देता येत नाही, ही सहकाराची अट आहे. पण त्या गाळपाला नफ्याचे गाळप म्हणू नये.

गैरसमज ५ : अंशदान ४५० आहे, मग शंभर रुपये जादा देऊन शेजारचा ऊस आणला तरी साडेतीनशे सुटतात.

वस्तुस्थिती : ते शंभर रुपये फक्त बाहेरून येणाऱ्या गेटकेनला देऊन भागले, तर हिशेब बरोबर आहे. पण आपल्या सभासदाला ३,५५० आणि परक्याला ३,६५० हे गावात दोन दिवसही पचत नाही. मग सगळ्यांनाच वाढवावे लागते. नमुना कारखान्यात बाहेरून ५० हजार टन आले, त्यांचे ३५० प्रमाणे पावणेदोन कोटी मिळाले. आधीच्या ५.५ लाख टनांवर शंभर रुपये जादा, म्हणजे साडेपाच कोटी गेले. पावणेचार कोटींचा खड्डा नव्याने पडला. शेतकऱ्याच्या हातात ते पैसे गेले, तो भाग वेगळा आणि रास्तही असू शकतो. पण जादा उसाने कारखाना सावरेल, हे कारण त्याला जोडता येत नाही.

तर सभेतल्या त्या सभासदाला उत्तर असे द्यावे लागेल: कमी गाळून तोटा घटणार नाही, पण प्रत्येक जादा टनाने तो घटेलच असेही नाही. पुढच्या सभेत त्याने टनामागचा तोटा विचारू नये. हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यातला उतारा किती होता आणि तारण कर्जाचे व्याज वेगळे किती, ते विचारावे. बाकीचा हिशेब वहीच्या एका पानावर होतो.