बॅरलचा तळ कोणी पाहिला?

इचलकरंजीत पाणी हा वर्षभराच्या बातमीचा विषय आहे. कृष्णा योजनेच्या जलवाहिनीला गळती लागते, पंचगंगेचं पाणी काळं पडतं, सुळकूड योजनेवरून कागल आणि इचलकरंजी समोरासमोर उभे राहतात. या मथळ्यांच्या मागे घराघरांतला एक व्यवहार चालू असतो. चावीला पाणी आलं की मिळेल त्या भांड्यात ते भरायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत तीन-चार दिवस पुरवायचं. या व्यवहाराची नोंद कुठल्याच योजनेच्या कागदावर होत नाही. ती करायची संधी मिळते ती सामुदायिक आरोग्याच्या प्रात्यक्षिकासाठी वस्तीत उतरणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना.

कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर पट्ट्यातल्या मुली खांद्याला कम्युनिटी बॅग लावून गल्लोगल्ली फिरतात आणि कुटुंबांचे फोल्डर भरतात. सर्वेक्षणाचे विषयही ठरलेले असतात: हात धुणं, पाण्याची साठवण, आहार. त्यातला पाण्याचा विषय इथे सगळ्यांत मोलाचा आहे. मात्र तो बहुतेक वेळा ‘पाण्याच्या साठवणुकीविषयी मातांच्या ज्ञानाचे मूल्यमापन’ अशा नावाने होतो आणि तिथेच वाया जातो.

प्रश्नावली घेऊन मुलगी दारात येते. “मावशी, पाणी गाळून, उकळून पिता का?” मावशी म्हणतात, “पितो की गं बाई.” रकान्यात खूण होते. शेवटी अमुक टक्के मातांचं ज्ञान ‘मध्यम’, तमुक टक्क्यांचं ‘चांगलं’ असा तक्ता तयार होतो. मावशी खोटं बोलत नाहीत, पांढऱ्या गणवेशातल्या मुलीला जे ऐकायचं असतं ते त्या सांगतात. हात धुण्याबाबतही हाच अनुभव असल्याने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नुसता प्रश्न विचारून थांबत नाहीत. घरातली हात धुण्याची जागा दाखवायला सांगतात आणि तिथे पाणी आणि साबण आहे का, ते डोळ्यांनी बघतात. पाण्याच्या बाबतीत विद्यार्थिनींनी हेच करायला हवं, आणि त्यासाठी लागणारं साहित्य अगदी थोडं आहे: ओटी टेस्टचा संच, टॉर्च, पांढरा ट्रे आणि वही.

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. नळीत पाणी घ्यायचं, त्यात या द्रावणाचे संचावर दिलेले थेंब टाकायचे. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं आणि रंगपट्टीशी ताडून आकडा मिळतो. गावोगावचे जलसुरक्षक ही चाचणी रोज करतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावं, असं भारतीय मानक सांगतं. रंग थेंब टाकताच, दहा सेकंदांच्या आत वाचावा लागतो, हे मात्र अनेकींना माहीत नसतं. नळी हातात धरून गप्पा मारत राहिलं की अमोनियाशी जोडलेलं, जंतू मारायला कमजोर असलेलं क्लोरीनही रंग दाखवू लागतं आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित भासतं. तपासलेलं पाणी घागरीत परत ओतायचं नाही, कारण ते रसायन पोटात जाण्याजोगं नाही.

खरी कसोटी चाचणी कुठे करायची याची आहे. ती फक्त चावीपाशी केली तर महानगरपालिकेच्या नोंदीत असलेलाच आकडा पुन्हा मिळतो. एकाच घरात ती चार वेळा करावी: चावी सुरू होताच येणारं पहिलं पाणी, दहा मिनिटांनंतरचं पाणी, नुकती भरलेली घागर आणि त्याच घागरीतलं दुसऱ्या दिवशीचं पाणी.

पहिलं पाणी वेगळं तपासण्याचं कारण जमिनीखाली आहे. वाहिनीत दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर जातं. पुरवठा थांबला की वाहिनी रिती होते आणि त्याच भोकातून शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपतं. घरोघरी वाहिनीला मोटर जोडलेली असेल तर ही ओढ आणखी वाढते. दिवसाआड, चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पहिल्या काही बादल्यांत ही घाण उतरते. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हेपॅटायटिस ई या दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले, काही दगावलेही. गरोदर बाईला या विषाणूचा धोका सर्वांत जास्त, त्यातही शेवटच्या तिमाहीत. त्यामुळे नर्सिंगच्या मुलीने हा विषय निवडला की तिच्या फोल्डरमधली गरोदर माता या चाचणीशी थेट जोडली जाते.

आता एक घर घेऊ. आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत. पहिल्या पाण्यात क्लोरीन शून्य, दहा मिनिटांनी ०.५, भरल्या घागरीत ०.४ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. इथे गृहिणीचं काही चुकलेलं नाही. पहिलं पाणी धुण्या-भांड्यांना वापरा आणि प्यायचं पाणी मागाहून भरा, एवढं तिला सांगायचं. दुसऱ्या दिवशी पिण्यासाठी क्लोरीनची गोळी किंवा मेडिक्लोर द्यायचं. शेजारच्या घरात चावीला तेच ०.५ आहे, पण नुकत्याच भरलेल्या घागरीत शून्य. म्हणजे घागरीच्या आतल्या बाजूला बसलेला बुळबुळीत थर क्लोरीन खाऊन टाकतोय. इथे गोळी देऊन फारसा उपयोग नाही, घागर घासायला हवी. तिसऱ्या घरात दहा मिनिटांनंतरही चावीला शून्यच येतं. तिथे गृहिणीला आरोग्यशिक्षण देणं हा तिच्यावर अन्याय आहे. तो निरोप पाणीपुरवठा विभागाला त्याच दिवशी जायला हवा. ‘ज्ञान मध्यम’ या एका शेऱ्याखाली ही तिन्ही घरं एकसारखी दिसली असती.

क्लोरीन नसलं म्हणजे पाणी दूषितच आहे असं नाही, त्याचं रक्षण करणारं काही उरलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. दूषित आहे का हे पाहायला एच-टू-एसची बाटली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तिची पद्धत मांडली. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवल्यावर काळं पडलं तर विष्ठेतले जीवाणू असण्याची शक्यता मोठी. पण काविळीचा विषाणू या बाटलीत दिसत नाही, म्हणून बाटली काळी न पडलेल्या घराला ‘पाणी शुद्ध’ असं प्रमाणपत्र देऊ नये.

भांड्याच्या तोंडाकडेही बघायला हवं. पाणी घरात आल्यावर बिघडतं का, यावर अनेक देशांतले अभ्यास राइट, गंड्री आणि कॉनरॉय यांनी २००४ मध्ये एकत्र तपासले. सुमारे निम्म्या अभ्यासांत उगमाच्या तुलनेत घरातलं पाणी जास्त दूषित निघालं. १९८० च्या दशकात कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत कॉलराच्या रुग्णांच्या घरी अरुंद मानेच्या मातीच्या सुरया दिल्या गेल्या. त्या घरांतल्या इतर माणसांत संसर्गाचं प्रमाण सुरई न दिलेल्या घरांच्या सुमारे पाव भरलं. हात आत जात नाही, एवढंच त्या सुरईचं वैशिष्ट्य. आपल्याकडे पिंपाला खाली तोटी असली तर तेच साधतं. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं आहे का, आणि ते कुठे टांगतात, हे बघून लिहायचं. त्यासाठी विचारण्यापेक्षा ‘मावशी, पाणी द्या’ म्हणावं आणि त्या कसं काढतात ते पाहावं.

आता बॅरल. अंगणातल्या निळ्या प्लॅस्टिकच्या बॅरलमधलं पाणी प्यायचं नसतं, म्हणून ते प्रश्नावलीत येतच नाही. डेंगीचा एडिस डास मात्र तिथेच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाणी तर तीन-चार दिवसांत संपतं, मग अळ्या कशा होतात? कारण बॅरल संपत नाही. तळाशी वीतभर पाणी राहतं आणि नवं पाणी त्यावरच ओतलं जातं. वरचं पाणी चार दिवसांचं असलं तरी तळाचं कित्येक आठवड्यांचं असू शकतं. शिवाय मादी अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं रिकामं करून भागत नाही, आतली बाजू ब्रशने किंवा काथ्याने खरवडावी लागते. ‘आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळता का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. ‘बॅरल आडवं पाडून शेवटचं कधी घासलं?’ असं विचारलं की माणूस आठवायला लागतो.

अळ्या बघण्याचीही रीत आहे. झाकण उघडताच सावली पडते आणि अळ्या बुडी मारतात. मिनिटभर स्थिर उभं राहून टॉर्च मारली की त्या श्वासासाठी वर येतात. स्वल्पविरामासारखे कोष दिसले तर वेगळी नोंद करायची, कारण त्यातून दोनेक दिवसांत डास उडणार असतात. तपासलेल्या घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या ते शेकड्यात काढलं की घर निर्देशांक मिळतो. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, तो ब्रेटो निर्देशांक. कोणत्या भांड्यात कोष जास्त आहेत हे लिहिलं तर वस्तीने आधी काय घासावं हे ठरवता येतं. अळ्या कुंडीखालच्या बशीतही मिळतील, पण डासांचा मोठा पुरवठा बहुधा दोन-चार मोठ्या बॅरलांतूनच होत असतो.

घरं निवडताना एक घोटाळा सर्रास होतो. गल्लीत दोनशे घरं असतील आणि पन्नास बघायची असतील तर दर चौथं घर घ्यायचं, पहिलं चिठ्ठी टाकून. पण यंत्रमागाच्या गावात पाळीमुळे कितीतरी घरं दिवसा बंद असतात. बंद घर दिसलं की शेजारचं उघडं घर घेतलं जातं. मग सर्वेक्षणात येतात ती दिवसा कोणीतरी घरी असणारी, पाणी भरायला माणूस असणारी घरं. नवरा-बायको दोघंही कामावर असलेली, पाणी भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसलेली घरं गळतात. बंद घराला संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जाणं, आणि तरीही बंद राहिलं तर ‘बंद’ अशीच नोंद करणं हा त्यावरचा उपाय आहे.

पन्नासपैकी बारा घरांत अळ्या सापडल्या तर अहवालात २४ टक्के लिहिलं जातं. पण एवढ्या लहान नमुन्यावरून खरा आकडा १२ ते ३६ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. आरोग्यशिक्षणाचं सत्र घेतलं, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहिलं आणि बाराची आठ घरं झाली, तर ‘सत्र प्रभावी ठरले’ असं लिहायला हा फरक पुरेसा नाही. मधल्या काळात एक जोराचा पाऊस पडला किंवा पाणी एक दिवस आधी आलं तरी एवढा फरक पडतो. त्यापेक्षा कुठल्या बारा घरांत अळ्या होत्या, त्यातली कोणती सुटली, कोणती तशीच राहिली आणि का, हे घरागणिक लिहिलेलं पान जास्त कामाचं.

हेपॅटायटिस ई चा विषाणू शरीरात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. पहिला रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा ज्या दिवशीच्या पाण्याने तो आजारी पडला ते पाणी कधीच वाहून गेलेलं असतं, आणि त्या दिवशी चावीला क्लोरीन होतं का हे सांगणारं कोणी नसतं. विद्यार्थिनींच्या वह्यांत गल्ली, तारीख, वेळ आणि चार आकडे असे नीट लिहिलेले असतील, तर ते उत्तर तिथे मिळू शकतं. आज त्या वह्या गुण देऊन झाल्यावर महाविद्यालयाच्या कपाटात जातात. त्यांची एक प्रत दर महिन्याला प्रभागाच्या आरोग्य केंद्रात आणि दुसरी पाणीपुरवठा विभागात जावी. हे प्राचार्य आणि आरोग्य अधिकारी यांनी एका बैठकीत ठरवण्याजोगं काम आहे, आणि ते पावसाळ्याआधी व्हायला हवं.