भाड्याच्या ओलसर घरात कपाट लाकडी की लोखंडी?

रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत भाड्याने राहणारे गिऱ्हाईक हा प्रश्न हमखास विचारते. कारागिराने उत्तर देण्यापूर्वी भिंत पाहावी. भिंत घरमालकाची, तिची गळती भाडेकरूच्या हाती नसते. कपाट मात्र त्याचे असते.

लोखंडी कपाटाचा रंग बाहेरून चकचकीत दिसतो. पण गंज लागतो तो तळाच्या दुमडीत आणि वेल्डिंगच्या सांध्यात, जिथे रंग नीट पोहोचत नाही. खारी हवा आणि फरशी पुसल्याचे पाणी तेथेच साचते. खालच्या खणातील कपड्यांवर तांबूस डाग दिसले की गंज आत शिरला असे समजावे.

लाकडी कपाटातही फसगत होते. भुशाच्या दाबीव फळीचे स्वस्त कपाट एकदा पाणी प्यायले की फुगते, स्क्रू पकड सोडतात आणि फळी पूर्ववत होत नाही.

अशा घरासाठी आयएस ३०३ मधील बीडब्ल्यूआर प्लायवूड घ्यावे. कापलेली प्रत्येक कड आणि पाठीची बाजूही रंगाने बंद करावी. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या लावाव्यात. कपाट खिळ्यांऐवजी बोल्टने जोडावे, म्हणजे घर बदलताना सुटे करता येते. पाय चार इंच ठेवावेत आणि भिंतीपासून तीन इंच अंतर सोडावे.

गिऱ्हाईकाला लोखंडीच परवडत असेल, तर रंगापूर्वी तळाला आतून झिंक प्रायमर मारून द्यावा. तरीही गंज कायमचा टळणार नाही, हे आधीच सांगावे. मालाचा ऐब सांगून केलेल्या सौद्यातच बरकत असते.