लहान केलेल्या फोटोची धार

पैठणी नेसलेल्या वधूचा ६००० पिक्सेल रुंद फोटो वेबसाइटसाठी १२०० पिक्सेलचा केला, की जरीची वीण पुसट होते. साहजिकच आहे. मूळच्या साधारण पंचवीस पिक्सेलचं काम आता एकाच पिक्सेलला करावं लागतं.

इथे अनशार्प मास्क कामी येतो. तो फोटोची एक धूसर प्रत करतो, मूळ फोटो आणि ती प्रत यांतला फरक काढतो आणि तोच फरक पुन्हा फोटोत मिसळतो. त्यामुळे कडेची उजळ बाजू जास्त उजळते, गडद बाजू जास्त गडद होते. तपशील मात्र नवा येत नाही. हललेला फोटो हललेलाच राहतो.

ही उजळ-गडद किनार किती रुंद असावी, हे रेडियस ठरवतो. सगळी गडबड बहुधा इथेच होते. छपाईच्या मोठ्या फोटोला चालणारा २ पिक्सेलचा रेडियस या छोट्या फोटोत वधूच्या काळ्या केसांभोवती पांढरी झालर उमटवतो. इथे ०.३ ते ०.५ पुरतो.

किनार किती ठळक हवी, ते अमाउंट सांगतो. रेडियस ०.४ असेल तर १०० टक्क्यांपासून सुरुवात करावी आणि फोटो १०० टक्के झूमवर पाहत आकडा वरखाली करावा. जर उठून दिसली, पण गालावरची रंध्रंही टोचू लागली, तर थ्रेशोल्ड ० वरून ३ वर न्यावा. त्याहून कमी फरकाचे शेजारी पिक्सेल मग जसेच्या तसे राहतात. आकडा फार वाढवला, तर जरही मऊच राहते.