पावसात भिंतीमागच्या मातीचा जोर का वाढतो?

२९ जून २०१९. पुण्यात कोंढव्यात जोरदार पावसानंतर एका सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. अशा दुर्घटनांची कारणं एकाहून जास्त असतात. पण भिंतीमागे मातीचा भराव असेल, तर एक प्रश्न नेहमी येतो: पाऊस पडल्यावर त्या मातीचं नेमकं काय होतं?

माती म्हणजे कण, पाणी आणि हवा. समजा, भरावातून बरोबर १ लिटर माती कापून काढली. वजन भरलं १६७८ ग्रॅम. ओव्हनमध्ये साधारण ११० अंशांवर २४ तास वाळवली, उरले १५०० ग्रॅम. म्हणजे पाणी होतं १७८ ग्रॅम.

मातीचे कण पाण्यापेक्षा साधारण २.७ पट जड असतात. म्हणून कणांनी व्यापलेली जागा १५०० ÷ २.७ = ५५६ मिली. उरलेली ४४४ मिली पोकळी. आता तिन्ही आकडे मिळतात:

- पोरॉसिटी: ४४४ ÷ १००० = ४४%
- व्हॉइड रेशो: ४४४ ÷ ५५६ = ०.८
- सॅच्युरेशन: १७८ ÷ ४४४ = ४०%

पहिले दोन सारखेच वाटतात ना? फरक भागाकारात आहे. रोलर फिरवून माती दाबली की एकूण आकारमान घटतं, पण कण तेवढेच राहतात. म्हणून माती किती दाबली गेली हे मोजताना इंजिनिअर व्हॉइड रेशो धरतात. पोरॉसिटी मात्र सांगते की एक लिटर मातीत पाणी मावेल किती.

सॅच्युरेशन ४०% म्हणजे ६०% पोकळीत अजून हवा आहे. मुसळधार पावसात ती भरली की वजन १९४४ ग्रॅम होतं. वाढ फक्त १६%. मग भिंत का पडावी?

कारण वजन नव्हे, पाण्याचा दाब. कण एकमेकांत अडकून स्वतःचा बराच भार पेलतात, त्यामुळे वाळूसारखी माती आपल्या भाराच्या साधारण एक तृतीयांशच भिंतीवर आडवा ढकलते. पाण्याला अशी पकड नसते, ते पूर्ण दाब देतं. २ मीटर उंचीच्या भिंतीवर दर मीटर लांबीला ओलसर माती सुमारे १.१ टन जोर लावते. तीच माती पूर्ण भरून पाणी मागे साचलं, तर जोर होतो सुमारे २.६ टन. दुपटीहून जास्त!

म्हणूनच भिंतीला खाली वीप होल, म्हणजे पाणी जायची भोकं ठेवतात आणि त्यांच्यामागे खडी भरतात. पाणी निघून गेलं, तर माती ओली असूनही हा जादा दाब साचत नाही.

तुमच्या सोसायटीत अशी भिंत असेल, तर दोन दिवस धो धो पाऊस झाल्यावर बघा. भोकांतून पाणी येतंय, तर ठीक. भोकं कोरडी, पण भिंत ओली आणि पुढे झुकलेली किंवा फुगलेली दिसली, तर भोकं तुंबली असण्याची शक्यता मोठी. तिथून आधी माणसं हलवा, मग इंजिनिअरला बोलवा.